कलम दहा, शेवटचं वाक्य

मान डोलावणाऱ्या माणसांची मला चीड आहे. वीस वर्षं मी भाषांतराचं दुकान चालवते. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि त्याच्याहून जास्त कुरकुरणारी मी. करार, दाखले, अर्ज, हॉस्पिटलचे कागद, जे येईल ते इंग्रजीतून मराठीत करून द्यायचं. काम अवघड नाही, माणसं अवघड. मी घसा कोरडा करून कलम वाचून दाखवते आणि समोरचा 'हो हो, कळलं' म्हणत मान डोलावतो. कळलेलं काही नसतं. सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन रडत येतो.

एका ड्रायव्हरने असंच केलं होतं. करारात लेखी नोटीस द्यायची असं लिहिलेलं, मीच ते त्याला वाचून दाखवलेलं. तर या शहाण्याने मालकाला जिन्यात गाठून तोंडी सांगितलं आणि खोली सोडली. नोटिशीच्या महिन्याचं भाडं अनामतीतून कापलं गेलं, आणि त्याची अनामतच तेवढी होती. वर माझ्यावरच ओरडला, "तुम्ही सांगितलंच नाही!" त्या दिवशी मी कानाला खडा लावला. आता कागद हातात देण्याआधी गिऱ्हाइकाने ते कलम मला परत सांगायचं, स्वतःच्या शब्दांत. नाही सांगता आलं तर कागद मिळणार नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणेनात का.

टेलरकाका आणि काकू आले ते एका सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. काका पासष्टीचे, खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलेलं. काकू वाळलेल्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. रुमालावरून आणि समोरच्या रस्त्यापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलवरून मला काय ते समजलं. या गल्लीत अर्धे भाडेकरू तिथलेच.

"भाड्याचा करार आहे," काका म्हणाले. "सही करायचीय. पण ही म्हणते, आधी मराठीत बघू."

"बरोबर म्हणतात त्या. बसा."

"आम्ही जन्मात कधी भाड्याने राहिलो नाही हो ताई," काकू म्हणाल्या. "दुकानाच्या मागे आमचंच घर. यांच्या वडिलांनी बांधलेलं. आता या वयात भाडेकरू झालो." आणि हसल्या. घर दीड दिवसाच्या प्रवासावर होतं. उपचार चार-पाच महिने चालणार, दर वेळी एवढं लांबून येणं शक्य नाही, म्हणून हॉस्पिटलजवळ एक खोली बघितली होती.

करार सात पानांचा होता. मी सवयीप्रमाणे आधी लॉक-इन आहे का ते बघितलं, म्हणजे अमुक महिने खोली सोडताच येणार नाही असली अट. नव्हती. मग अनामत आणि नोटीस, कलम नऊ आणि दहा. घोडं नेहमी याच दोन कलमांत अडतं.

मी टाइप करत मोठ्याने वाचत गेले. "कलम नऊ. भाडेकरूंनी तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मालकाकडे अनामत म्हणून ठेवायची आहे. तिच्यावर व्याज मिळणार नाही. खोली रिकामी करून किल्ली दिल्यापासून पंधरा दिवसांच्या आत मालकाने ती परत करायची. थकलेलं भाडं, विजेचं बिल आणि खोलीचं झालेलं नुकसान त्यातून वजा होईल. मात्र..." इथे मी थांबले. या 'मात्र'ने मला दर वेळी छळलंय. वापरताना आपोआप होणारी झीज नुकसानीत धरायची नाही, असं ते आहे. मी दर वेळी 'नैसर्गिक झीज' लिहायचे आणि दर वेळी समोरचा भुवया उंचावायचा.

"म्हणजे कसं?" काकूंनी विचारलंच.

"म्हणजे राहून राहून भिंतीचा रंग उडाला, तर त्याचे पैसे कापायचे नाहीत. खिडकीची काच फोडलीत, तर कापायचे."

"अच्छा. म्हणजे कापड वापरून विरलं ते वेगळं, आणि खिळ्यात अडकून फाटलं ते वेगळं."

वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी 'नैसर्गिक झीज' खोडून लिहिलं, 'रोजच्या वापराने विरणं हे नुकसान समजलं जाणार नाही.' तेव्हापासून सगळ्या करारांत तेच लिहिते.

"कलम दहा. खोली सोडायची असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यायची. महिना मोजायचा तो नोटीस मालकाच्या हातात पडल्याच्या तारखेपासून. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. नोटीस न देता खोली सोडली तर एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापलं जाईल. दोन भाडेकरू असतील तर दोघांपैकी कोणीही एकाने दिलेली नोटीस ही दोघांनी दिलेली मानली जाईल."

"हो हो, कळलं," काका म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काय कळलं? सांगा बघू."

काका बावरले. "हेच की... नोटीस द्यायची. महिन्याची."

"कोणाला? कशी? नाही दिली तर काय?"

"अहो ताई, मास्तरीण आहात की काय!" ते हसून काकूंकडे बघायला लागले. चाळीस वर्षं हा माणूस असाच बघत आला असणार, हे मला तेव्हाच दिसलं. हिशेब, पत्रं, नातेवाईक, सगळं त्या बघणार आणि हे फक्त शिवणार.

काकूंनी रुमाल जरा वर सरकवला आणि बोटांवर मोजत सांगितलं. "महिना आधी कागदावर लिहून द्यायचं. घरमालकीणबाई ज्या दिवशी घेतील त्या दिवसापासून तीस दिवस. म्हणून त्यांची सही आणि तारीख आपल्याकडच्या कागदावर घ्यायची, नाहीतर उद्या त्या म्हणतील आज मिळाली. नाही दिली तर एक भाडं बुडालं. आणि मी दिली काय, यांनी दिली काय, एकच."

पोचपावतीचं तर मी सांगितलंही नव्हतं. "तुम्ही इथे खुर्ची टाकून बसा काकू," मी म्हटलं, "मी घरी जाते."

छापून दिलेला कागद काकांनी घडी घालून मोजपट्टीच्या खिशात ठेवला. जाता जाता काकूंनीच मला सांगितलं, अनामतीचे पैसे कुठून आणले ते. काकांचं मोठं शिवणयंत्र त्यांनी गावातल्या दुसऱ्या टेलरकडे गहाण ठेवलं होतं. त्याने तेवढीच रक्कम दिली होती आणि मुदत घातली होती. पाचव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पैसे आणून द्या आणि यंत्र घेऊन जा, नाहीतर मी विकून मोकळा होईन. "ते मशीन म्हणजे आमची सवत आहे," काकू म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्यासमोर बसलेत हे."

"काहीतरीच तुझं," काका म्हणाले.

खोली माझ्या दुकानापासून चौथ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या. बँकेतून रिटायर झालेल्या, चष्मा साखळीला लावलेला, कागदाच्या बाबतीत माझ्याइतक्याच खडूस. त्यामुळे आमचं जमायचं. करार झाला, दोघांच्या सह्या झाल्या.

पुढचे तीन महिने काका येता-जाता दुकानात डोकावायचे. कधी औषधाच्या पुड्यांवरचं वाचून घ्यायला, कधी नुसतेच. "आज चार घास खाल्ले तिने," असं सांगायचे. नाहीतर, "आज जिना चढली न थांबता." मीही म्हणायचे, वा. मी काही फार गोड बोलणारी बाई नाही, पण त्यांना वा म्हणताना मला बरं वाटायचं.

चौथ्या महिन्याच्या चार तारखेला ते आले. हॉस्पिटलचा लखोटा टेबलावर ठेवला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं काहीतरी. मला नीट ऐकू आलं नाही. तुम्ही वाचा."

ऐकू आलं नव्हतं असं नाही. माणसाला काही गोष्टी दोनदा ऐकाव्या लागतात. मी वाचलं. उपचारांचा आता उपयोग नाही, ते थांबवत आहोत, यापुढे फक्त वेदना कमी ठेवायच्या. लांबचा प्रवास झेपणार नाही. काळ, काही आठवड्यांचा.

मी मराठीत सांगितलं. जसं होतं तसं. कागदातला एक शब्द मी कधी मऊ केला नाही आजवर, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की करावा. केला नाही.

"छापू नका," काका म्हणाले. "तिच्या हाती लागेल."

मी चहा मागवला, तो गार झाला. आणि मग मी जे बोलले, त्याबद्दल मला आजही कळत नाही की ते माझं शहाणपण होतं की माझी जीभच झडायला हवी होती. मी म्हटलं, "काका, नोटिशीचं बघायला हवं."

"कसली नोटीस?"

"खोलीची. आज-उद्या दिलीत तर पुढच्या पाच तारखेला खोली सुटेल, वीस तारखेच्या आत अनामत मिळेल, महिनाअखेरीला मशीन परत घेता येईल. नंतर दिलीत तर... एक भाडं कापलं जाईल, नाहीतर पैसे मुदतीनंतर मिळतील. दोन्हीकडून मशीन जाईल. तुम्हाला गरज पडली तर बाई चार दिवस वाढवून देतील, तेवढं मी बघते. पण नोटीस..."

ते उठून उभे राहिले. माझ्यावर त्या माणसाने त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. "काय लिहू? सांगा ना, काय लिहू? अमुक तारखेला आमचं इथलं काम संपणार? तुम्ही तारीख घालायला सांगताय मला तिच्यावर?"

"तसं नाही काका..."

"तसंच आहे! महिना आधी सांगायचं म्हणे. महिना आधी कोणाला माहीत असतं हो? जाऊ दे ते मशीन. खड्ड्यात गेलं मशीन." दाराशी जाऊन ते थांबले. डोळे पुसले. तोंडावरून हात फिरवला, दोनदा. "मी तिला सांगणार आहे रिपोर्ट चांगला आला म्हणून. तुम्ही मध्ये पडू नका."

समोरच्या फळवाल्याकडून त्यांनी संत्री घेतली. मी बघत होते. निवडून निवडून सहा संत्री घेतली आणि तोंडभर हसू आणून गेले. ते हसू कसं आणलं असेल त्यांचं त्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. काकू होत्या. "ताई, हे औषधाच्या रांगेला गेलेत. दीड-दोन तास लागतात. तेवढ्यात वर येशील? येताना कागद-पेन आण. आणि तुझा तो प्रिंटर बंद करून ये, वेळ लागेल."

पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले.

खोली मी आधी पाहिली नव्हती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत दोरी. पडद्यासाठी भिंतीत ठोकलेला एक खिळा. टेबलावर संत्र्यांच्या साली. खुर्चीच्या पाठीवर अर्धवट शिवलेला गाऊन होता, हाताने टाके घातलेला, बाह्या रुंद ठेवलेल्या, म्हणजे सलाइन लावताना अडणार नाही.

"घरी जाताना घालायला शिवतायत," काकू म्हणाल्या. "टाके बघ कसे घातलेत, तिरके. मशीनवर हात बसलेला माणूस. आयुष्यभर हातशिलाई मीच केली ना." मग सरळ म्हणाल्या, "नोटीस लिहायची."

"काकू, काका काही बोलले का?"

"बोलले की. रिपोर्ट चांगला आला म्हणाले. संत्री आणली, सोलून भरवली, हसत होते." त्यांनी उशी सावरली. "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. चांगली बातमी असली की हा माणूस रडतो गं. मुलगी पहिली आली शाळेत तेव्हा रडले, तिचं लग्न ठरलं तेव्हा रडले. स्वतःचं दुकान झालं त्या दिवशी तर गिऱ्हाइकासमोर रडले. काल हसत आले. तेव्हाच समजले मी."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"लिही. आज पाच तारीख. पुढच्या पाच तारखेला आम्ही खोली सोडतो."

"त्यांना सांगा ना काकू. दोघांनी मिळून सही करा. असं एकट्याने..."

"सांगितलं की महिनाभर माझ्यासमोर रडत बसतील. आत्ता निदान हसायचं काम आहे त्यांना. त्यात जीव गुंतलाय त्यांचा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि कलम दहा, शेवटचं वाक्य. तूच लिहिलंयस. एकाने दिली तर दोघांनी दिली."

"मशीनसाठी?"

"मग कशासाठी? मी गेले तर गेले. पण घरी जाऊन हा माणूस बसेल कुठे? रिकामे हात घेऊन? आम्ही दोघीही गेलो तर वेडा होईल तो." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. त्यांनी दोनच घोट घेतले आणि बाकीचं मला परत दिलं.

मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. वर इंग्रजीत, खाली मराठीत, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळतं. दोन प्रती. अनामत रक्कम सहभाडेकरूच्या, म्हणजे यजमानांच्या हाती द्यावी, ही ओळ मी माझ्या मनाने घातली. वाचून दाखवली तेव्हा त्यांनी त्या ओळीवर मान हलवली, पण डोलावली नाही. दोन्हींत खूप फरक असतो.

सही करायच्या आधी म्हणाल्या, "थांब. तुझा नियम राहिला." आणि न विचारता सांगायला लागल्या. "पुढच्या पाच तारखेला आम्ही खोली रिकामी करणार. बाईंना किल्ली देणार. पंधरा दिवसांत पैसे यांच्या हातात. अखेरीच्या आत हे मशीन सोडवून आणणार." क्षणभर थांबल्या. "आणि त्याला तेल घालायचं. चार महिने पडून आहे. ते कागदात लिहू नको, पण तू सांग त्यांना."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. डोळे कोरडे झाल्यावर खाली गेले.

घरमालकीणबाईंनी चष्मा लावून दोन्ही प्रती शब्द न शब्द वाचल्या. एकीवर 'मिळाली' लिहून तारीख घातली, सही केली, मला दिली. मग कलम अकरा मीच काढलं. नोटिशीच्या महिन्यात मालकाला नव्या भाडेकरूंना खोली दाखवता येते. त्यांचा हक्कच तो. एक महिना खोली रिकामी राहिली तर नुकसान त्यांचं, आणि हॉस्पिटलजवळ खोलीसाठी माणसं रोज विचारत असतात.

"पण काकांना नोटिशीचं माहीत नाही," मी म्हटलं. "लोक खोली बघायला वर गेले तर..."

"दाखवायचं कोणी म्हटलं?" त्या चिडून म्हणाल्या. "मला माझा करार कळतो. 'दाखवता येईल' लिहिलंय, 'दाखवावीच' असं नाही लिहिलेलं." आणि दार लावून घेतलं. त्या महिन्यात एकही माणूस त्या जिन्यावरून वर गेला नाही.

मी मात्र गुन्हेगारासारखी वागत होते. काका आले की नजर चुकवायचे. त्यांना वाटायचं मी त्यांच्यावर रुसलेय. "त्या दिवशी जास्तच बोललो मी," ते एकदा म्हणाले. "राग धरू नका. आज तिने बाहीची दुमड उसवून परत घालायला लावली मला. म्हणाली, असले टाके घालून मला गावात हसं करायचंय का? म्हणजे सुधारतेय ना ताई? नसती सुधारत तर एवढा चोखंदळपणा केला असता का?"

मी म्हटलं, हो. वीस वर्षांतलं माझं ते एकमेव खोटं भाषांतर.

पाच तारखेच्या चार दिवस आधी, भल्या सकाळी, काकू गेल्या. मुलगी आणि जावई आले, सगळं इथेच उरकलं. मी गेले होते. गाऊन पूर्ण झालेला होता, तोच घातला होता. टाके सरळ आले होते.

तीन तारखेला काका दुकानात आले. मोजपट्टी नव्हती. बसले आणि स्वतःहून म्हणाले, "ती नोटीस लिहून द्या. तुम्ही तेव्हा सांगत होतात ते बरोबर होतं. आता एक भाडं जाईल. जाऊ दे. मुलगी म्हणते माझ्याकडे चला. मी म्हटलं मशीन गेलं तर येतोच, काय करायचंय मागे राहून." बोलताना ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. अंगठ्यावर कात्रीचा वळ होता, चाळीस वर्षांचा.

मी खण उघडला. फाइल काढली. ती प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी आधी तारीख वाचली. मग खालची सही. काकूंची सही सरळ, शाळेत शिकल्यासारखी, शेवटच्या अक्षरावर आडवी रेघ. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"पाच तारीख," ते म्हणाले. "संत्र्यांच्या दुसऱ्या दिवशी."

"हो."

"म्हणजे तिला तेव्हापासूनच..." त्यांनी वर बघितलं. "महिनाभर मी तिच्यासमोर नाचत होतो. घरी गेल्यावर ओसरीला रंग देऊ म्हणत होतो. ती म्हणायची, निळा द्या. महिनाभर निळा की पिवळा यावर भांडलो आम्ही. आणि तिला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"तुम्हालाही माहीत होतं. बाईंनाही. मला एकट्यालाच नाही." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "मला सांगायला हवं होतंत ताई तुम्ही. मी तिच्याशी खरं बोललो असतो एकदा. एकदा तरी."

काकूंचं ऐकलं म्हणून मशीन वाचलं, आणि काकूंचं ऐकलं म्हणूनच या माणसाचं काहीतरी कायमचं राहून गेलं. दोन्ही खरं आहे. रात्र रात्र मी ते उलटसुलट करून बघते, एकीकडे ठरत नाही.

मी एवढंच म्हटलं, "त्या म्हणाल्या होत्या, मशीनला तेल घालायचं. चार महिने पडून आहे."

तेव्हा काका रडले. टेबलावर डोकं ठेवून, आवाज करून रडले. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं, मी त्याला हाताने जा म्हटलं.

पाच तारखेला किल्ली द्यायला मीही गेले. घरमालकीणबाईंनी खोली नीट तपासली, सवयच ती. पडद्याच्या खिळ्याचं भोक बघितलं, बोटाने चाचपलं. मग वजाबाकीच्या रकान्यात शून्य लिहिलं. पंधरा दिवस थांबायचंही कारण नव्हतं त्यांना. त्यांनी पूर्ण अनामत पाकिटात घालून तयार ठेवली होती. काकांनी मोजली नाही. त्या म्हणाल्या, "मोजा. मोजल्याशिवाय सही करू नये." तेव्हा मोजली.

पाकीट खिशात गेलं, पण पोचपावतीसाठी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली नाही. "एक मिनिट," म्हणाले. आतल्या खिशातून माझं पहिलं भाषांतर काढलं, घड्यांवर विरलेलं, आणि चष्मा लावून ते स्वतः वाचायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा. ओठ हलत होते. आम्ही दोघी थांबलो.

"ताई, तुमचा नियम आहे ना," ते म्हणाले. "कलम दहा. मी सांगतो." आणि घसा साफ केला. "महिना आधी लेखी द्यायची. मालकाच्या हातात पडली त्या तारखेपासून मोजायचं. आणि शेवटी असं आहे, की दोघांपैकी एकाने दिली तरी..." त्यांनी चष्मा काढून पुसला. घरमालकीणबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तरी दोघांनी दिली असं मानायचं," काका म्हणाले. "म्हणजे मीसुद्धा दिली होती. त्याच दिवशी. तिच्याबरोबर."

"हो काका," मी म्हटलं. "बरोबर सांगितलंत."

मग त्यांनी सही केली.